अरबी लॅब रिपोर्ट मराठीत आणताना: आकडा, एकक आणि संदर्भ मर्यादा एकत्र कशी राखायची

"दादाचं रक्त सडलंय असं लिहिलंय का हो तुम्ही?" फोनवर पेशंटची बहीण होती आणि तिचा आवाज थरथरत होता. अरबी रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती, तिच्यात 'मुतहल्लिला' हा शब्द होता. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ विघटन झालेलं, कुजलेलं असा सापडतो. मी घाईत 'नमुना विघटित झालेला आहे' असं लिहून मोकळा झालो होतो. खरं तर त्या ओळीत एवढंच म्हटलं होतं की रक्त काढताना किंवा नळीतून नेताना काही तांबड्या पेशी फुटल्या आहेत, म्हणून नमुना पुन्हा घ्यावा. डॉक्टर याला हिमोलिसिस म्हणतात. पेशंटच्या अंगातल्या रक्ताला काहीही झालेलं नव्हतं.

त्या चुकीनंतर मी लॅब रिपोर्टचं भाषांतर करायची पद्धतच बदलली. ती पद्धत इथे त्याच रिपोर्टच्या आधाराने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रिपोर्ट अट्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांचा, किडनीची तपासणी आणि रक्तपेशींची मोजणी असलेला. एक खुलासा आधीच करतो: रिपोर्टमधली मूल्यं मी या लेखात 0 ते 9 या आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहिणार आहे, देवनागरीत नाही. भाषांतरातही तसंच करायचं असतं. का, ते पुढे येईलच.

आधी कागदाचा माथा

रिपोर्ट हातात आला की नजर थेट आकड्यांकडे जाते. ती आवरायची. सुरुवात नावापासून करायची, कारण अरबीत 'प', 'च', 'ट', 'ण' हे उच्चार लिहायला अक्षरंच नाहीत. मराठी माणसाचं 'पाटील' हे आडनाव तिथे 'बातील' होऊन बसतं. 'ग' तर तीन निरनिराळ्या अक्षरांनी लिहिलेला मी पाहिला आहे. असं नाव अरबीवरून पुन्हा मराठीत उतरवलं, तर घरच्यांना वाटतं की रिपोर्ट भलत्याच माणसाचा आला. म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसं मागून घ्यायचं आणि फाइल क्रमांक, वय, लिंग यांच्याशी ताडून पाहायचं. क्रमांक जुळला नाही तर पुढचं कामच सुरू करायचं नाही.

मग तारखा. एकाच रिपोर्टवर तीन तारखा असू शकतात: नमुना काढल्याची, लॅबला मिळाल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. डॉक्टरांना पहिली हवी असते, कारण मूल्य त्या क्षणाचं असतं. तिन्ही वेगवेगळ्या नावांनी लिहा, नुसतं 'दिनांक' लिहून सोडू नका. वर्ष चौदाशेच्या घरात दिसलं तर ती हिजरी तारीख आहे. शेजारी इसवी तारीख छापलेली असेल तर दोन्ही लिहा. नसेल तर हिजरी तारीख तशीच ठेवून पुढे 'हिजरी' लिहा. आपल्या मनाने रूपांतर करू नका, महिना कधी सुरू झाला यावरून एखादा दिवस इकडे तिकडे होतो.

माथ्यावरचे आणखी दोन शब्द नजरेतून निसटतात. 'अव्वली' म्हणजे प्राथमिक रिपोर्ट, 'निहाई' म्हणजे अंतिम. प्राथमिक रिपोर्टमधले आकडे बदलू शकतात, त्यामुळे हा शब्द मराठी कागदावर ठळक यायलाच हवा.

कुठेही 'कीमा हरिजा' असा शेरा दिसला, म्हणजे धोक्याच्या पातळीचं मूल्य, तर भाषांतर पूर्ण होईपर्यंत थांबू नका. त्या एका ओळीचा अर्थ घरच्यांना लगेच फोनवर सांगा आणि डॉक्टरांशी बोलायला सांगा. बाकीचा कागद नंतर.

अंक वाचणं, मराठी डोळ्याने

पूर्वेकडच्या अरब देशांतल्या रिपोर्टांवर बऱ्याचदा अरबी अंक असतात. ते असे: ٠ म्हणजे 0, ١ म्हणजे 1, ٢ म्हणजे 2, ٣ म्हणजे 3, ٤ म्हणजे 4, ٥ म्हणजे 5, ٦ म्हणजे 6, ٧ म्हणजे 7, ٨ म्हणजे 8, ٩ म्हणजे 9.

यात मराठी माणसासाठी खास सापळा आहे. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य नुसता ठिपका असतो. लहानपणापासून ० हे चिन्ह शून्य म्हणून डोळ्यात बसलेलं असतं, त्यामुळे थकलेल्या मनाने वाचताना पाचाचा शून्य होतो आणि ते कळतही नाही. अरबी सहा आपल्याला ओळखीच्या साताच्या वळणाचा वाटतो. दोन आणि तीन यांत फक्त एका दाताचा फरक असतो, फॅक्सवर किंवा मोबाइलच्या फोटोत तो दात हरवतो.

आमच्या रिपोर्टमधलं पोटॅशियम घ्या. छापलं होतं ٥٫٦. मधलं स्वल्पविरामासारखं चिन्ह म्हणजे अरबी दशांश चिन्ह. बरोबर वाचन 5.6. पाचाला शून्य समजलं तर ते 0.6 होतं. दशांश चिन्ह पुसट असेल तर 56 होतं. दोन्ही मूल्यं जिवंत माणसात सापडणारच नाहीत, म्हणून इथे चूक पकडली जाते. पण प्रत्येक तपासणीत चूक इतकी ढळढळीत नसते. हजारांचं चिन्हही स्वल्पविरामासारखंच असतं, फक्त थोडं वर चढवलेलं. ते दशांश समजलं तर 1,250 चं 1.250 होतं, आणि काही तपासण्यांमध्ये ही दोन्ही मूल्यं शक्य वाटतात.

देवनागरी अंक टाळायचं कारणही हेच. आपला १ घाईत 9 सारखा दिसतो. अरबी, इंग्रजी आणि मराठी अशा तीन लिप्यांमधून फिरणाऱ्या कागदावर मूल्यासाठी एकच अंकलिपी ठेवावी, आणि ती डॉक्टर, नर्स, औषधवाला सगळ्यांना वाचता येईल अशी असावी. वाक्यातला मजकूर मराठी, मूल्य 0 ते 9 मध्ये.

शेवटचं शून्यही ठेवायचं. 5.0 लिहिलं असेल तर 5 लिहायचं नाही. लॅबने किती बारकाईने मोजलं ते त्या शून्यातून कळतं.

उजवीकडून डावीकडे: मर्यादा आणि चिन्हं

अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, पण प्रत्येक आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे वाचायचा. गोंधळ होतो तो दोन आकडे जोडून आले की. पोटॅशियमची मर्यादा छापलेली असते ती अशी: उजवीकडे 3.5, मग रेघ, मग डावीकडे 5.1. आपण सवयीने डावीकडून वाचतो आणि '5.1 ते 3.5' लिहून टाकतो. मराठीत लिहिताना लहान आकडा नेहमी आधी. एवढं पाळलं तर इथे चूक होत नाही.

खरी भीती 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' या चिन्हांची. संगणक उजवीकडून चालणाऱ्या मजकुरात ही चिन्हं आरशासारखी उलटी करून दाखवतो. आमच्या रिपोर्टमध्ये सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनच्या मर्यादेच्या रकान्यात `5 >` असं दिसत होतं. ते चिन्ह आहे त्याच आकारात उचलून आकड्याच्या आधी ठेवलं, तर `> 5` होतं, म्हणजे '5 पेक्षा जास्त असणं ठीक'. अर्थ बरोबर उलटा. मूळ अर्थ होता '5 पेक्षा कमी'.

यासाठी मी एकच कसोटी वापरतो. चिन्हाचं उघडं तोंड आकड्याकडे आहे की टोक आकड्याकडे आहे, ते पाहायचं. तोंड आकड्याकडे असेल तर 'त्यापेक्षा कमी', टोक आकड्याकडे असेल तर 'त्यापेक्षा जास्त'. चिन्ह आकड्याच्या डावीकडे असो वा उजवीकडे, कसोटी तीच. मात्र काही लॅबची सॉफ्टवेअरं चिन्ह उलटवायला विसरतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये कुठे 'अकल्ल मिन' म्हणजे पेक्षा कमी, किंवा 'अक्थर मिन' म्हणजे पेक्षा जास्त, असे शब्द असतील तर त्यांच्याशी ताळा घ्यायचा. मराठी कागदावर मी चिन्ह ठेवतच नाही, शब्दात लिहितो: '5 पेक्षा कमी'. शब्द उलटत नाहीत.

याच तपासणीचा निकाल होता 'अकल्ल मिन 3'. याचा अर्थ मशीनला 3 च्या खाली नेमकं मोजता येत नाही आणि मूल्य त्याच्या खाली आहे. इथे '3' लिहिणं चूक, '0' लिहिणंही चूक. '3 पेक्षा कमी' एवढंच लिहायचं.

पीडीएफमधून आकडे कॉपी करून चिकटवायचा मोह होतो. तो आवरा. अरबी अंक मराठी मजकुरात चिकटवले की मर्यादेतले दोन आकडे आपापसात जागा बदलू शकतात, आणि पडद्यावर सगळं नीटनेटकं दिसतं. पेशींच्या मोजणीत दुसरंच होतं. पांढऱ्या पेशी 7.2 × 10⁹/L होत्या. चिकटवल्यावर वरचा छोटा 9 खाली उतरला आणि 7.2 × 109/L झालं. प्रत्येक मूल्य हाताने टाइप करणं हाच सरळ मार्ग.

एकक: इथे एका अक्षराने हजारपट फरक पडतो

आकडा, त्याचं एकक आणि त्या लॅबची संदर्भ मर्यादा हे तिघं एकत्रच प्रवास करतात. यातलं एक जरी बदललं तरी उरलेली दोन खोटी ठरतात.

आमच्या रिपोर्टमध्ये क्रिॲटिनिन 145 होतं, एकक मायक्रोमोल प्रति लिटर. त्याच कागदावर युरिया 9.5 होता, एकक मिलिमोल प्रति लिटर. मिलि आणि मायक्रो यांत हजारपट अंतर आहे आणि अरबी लघुरूपात ते एखाद्या अक्षरावर तोललेलं असतं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमच्या अरबी लघुरूपांत तर फक्त एक 'काफ' कमीजास्त असतो. म्हणून एकक दोनदा लिहायचं: मूल्याशेजारी आंतरराष्ट्रीय चिन्ह, `µmol/L`, आणि कागदाच्या तळाशी एकदा त्याचा मराठी उच्चार, 'मायक्रोमोल प्रति लिटर'. µ हे अक्षर टाइप करता आलं नाही तर त्याच्या जागी m कधीही टाकू नका, कारण m म्हणजे मिलि. `umol/L` चालतं, लॅबवाले तसं लिहितात.

आता रूपांतराचा प्रश्न. भारतातल्या बहुतेक लॅब क्रिॲटिनिन mg/dL मध्ये देतात. या गृहस्थांचं क्रिॲटिनिन गावी असताना 1.3 होतं. घरच्यांनी जुना कागद शेजारी ठेवला आणि 1.3 वरून थेट 145 पाहून त्यांची झोप उडाली. त्यांचा काय दोष? दोन्ही कागदांवर 'क्रिॲटिनिन' हाच शब्द होता आणि एकक इतक्या बारीक अक्षरात होतं की कुणी पाहिलंच नाही.

तरीही मुख्य रकान्यात रूपांतर करायचं नाही. 145 आहे तर 145 च. कारण हा कागद उद्या परत त्या अरब देशातल्या डॉक्टरांसमोर जाऊ शकतो आणि मूळ रिपोर्टशी अंकन् अंक जुळला पाहिजे. शिवाय हिशेबात माझी चूक झाली तर मूळ मूल्य कुठेच उरणार नाही. रूपांतर वेगळ्या चौकटीत द्यायचं, वर स्पष्ट लिहायचं: 'तुलनेच्या सोयीसाठी भाषांतरकाराने केलेलं रूपांतर, लॅबचं नाही'. आणि रूपांतर करायचं तर मूल्याचं आणि मर्यादेच्या दोन्ही टोकांचं.

क्रिॲटिनिनसाठी 88.4 ने भागायचं. 145 चं 1.64 mg/dL होतं. मर्यादा होती 62 ते 106, ती होते 0.70 ते 1.20. आता घरच्यांना दिसतं की 1.3 चं 1.64 झालंय. वाढ आहे, डॉक्टरांना दाखवायला हवी, पण शंभरपट वाढ नव्हे.

उपाशीपोटीची साखर होती 6.6 mmol/L. ग्लुकोजसाठी 18 ने गुणायचं: 119 mg/dL. मर्यादा 3.9 ते 5.5, म्हणजे 70 ते 99. प्रत्येक पदार्थाचा गुणक वेगळा असतो, कारण मोल म्हणजे रेणूंची संख्या आणि ग्रॅम म्हणजे वजन, आणि प्रत्येक रेणूचं वजन निराळं. ग्लुकोजचा 18 युरियाला लावला तर सगळंच बिघडेल. युरियासाठी 6 ने गुणतात: 9.5 चे 57 mg/dL. पण इथे आणखी एक फाटा फुटतो. काही लॅब 'युरिया' मोजून देतात, काही 'युरिया नायट्रोजन', म्हणजे बीयूएन. अरबीत पहिल्याला नुसतं 'यूरिया' आणि दुसऱ्याला 'रक्तातील युरियाचं नायट्रोजन' अशा अर्थाचं लांब नाव असतं. mg/dL मध्ये दोन्हींचे आकडे दुपटीपेक्षा जास्त फरकाने वेगळे येतात. नाव जसं आहे तसंच उतरवा, लांब वाटलं म्हणून छाटू नका. गुणकाची खात्री नसेल तर रूपांतराची चौकट रिकामी सोडा. डॉक्टर ते काम क्षणात करतात.

हिमोग्लोबिन 121 होतं, एकक g/L. आपल्याकडे ते g/dL मध्ये असतं, म्हणजे 12.1. इथे एक चांगला हेतू घात करतो. भाषांतर करणाऱ्याला 121 अशक्य वाटतं, तो 'छपाईची चूक' समजून 12.1 करतो आणि एकक मात्र g/L ठेवतो. आता ते मूल्य प्राणघातक झालं. आकडा विचित्र दिसला की तो दुरुस्त न करता आधी एकक पाहा.

प्लेटलेट्स 245 × 10⁹/L होत्या. आपल्या घरांत प्लेटलेट्स लाखांत बोलतात, डेंग्यूच्या साथींनी ते सगळ्यांना शिकवलंय. नुसतं 245 वाचून घरचे घाबरतात. रूपांतराच्या चौकटीत मी लिहिलं: 'म्हणजे दर मायक्रोलिटरला 2,45,000, बोलीत दोन लाख पंचेचाळीस हजार'.

संदर्भ मर्यादा ही त्या लॅबची असते

अरबी रिपोर्टवर या रकान्याचं नाव 'अल-कियम अल-मर्जिइया' किंवा 'अल-मुअद्दल अत-तबीई' असं असतं. दुसऱ्यातला 'मुअद्दल' म्हणजे शब्दशः सरासरी. पण इथे 'सरासरी' लिहिलं तर घरच्यांना वाटतं की रिपोर्ट लोकांच्या सरासरीशी तुलना करतोय. 'तबीई' हा आपल्या 'तब्येत'च्या कुळातला शब्द, इथे अर्थ 'नॉर्मल'. पूर्ण रकान्यासाठी मी 'या लॅबची संदर्भ मर्यादा' असं लिहितो. 'या लॅबची' हे दोन शब्द मुद्दाम. मर्यादा मशीनवर, वापरलेल्या रसायनावर, वयावर आणि लिंगावर ठरते. आपल्या ओळखीच्या लॅबची मर्यादा जास्त 'बरोबर' वाटली तरी ती तिथे घालायची नाही. पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक अशा दोन मर्यादा छापल्या असतील तर दोन्ही उतरवा, पेशंटला लागू असलेली अधोरेखित करा.

मर्यादेचा आणखी एक उपयोग आहे, आणि मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. लॅब बऱ्याचदा निकालाशेजारी 'मुर्तफिअ' म्हणजे जास्त, किंवा 'मुन्खफिद' म्हणजे कमी, अशी खूण देते. तुम्ही वाचलेला आकडा, तुम्ही वाचलेली मर्यादा आणि लॅबची खूण या तिघांचं पटलं पाहिजे. पोटॅशियमशेजारी 'मुर्तफिअ' होतं. मी ते 0.6 वाचलं असतं, तर 3.5 ते 5.1 या मर्यादेत ते कमी ठरलं असतं आणि खूण म्हणते जास्त. तिथेच कळलं असतं की डोळ्याने फसवलंय. प्रत्येक ओळीवर हा ताळा घ्या. पटत नसेल तर पुन्हा वाचा. तरीही पटत नसेल तर आकडा आणि खूण दोन्ही मुळाप्रमाणे ठेवून शेजारी लिहा: 'मूळ रिपोर्टमध्ये असंच आहे, लॅबकडून खात्री करावी'. लॅबने खूण दिलीच नसेल तर आपण आपली घालायची नाही.

शब्द: शब्दकोश जिथे फसवतो

'सलबी' आणि 'ईजाबी' यांना 'नकारात्मक' आणि 'सकारात्मक' लिहू नका. घरात सगळे 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' म्हणतात, तेच लिहा. 'सकारात्मक' वाचून एखाद्या आजीला वाटेल की बातमी चांगली आहे.

'साइम' म्हणजे शब्दशः रोजा ठेवलेला. रिपोर्टमध्ये त्याचा अर्थ 'उपाशीपोटी'. 'उपवास' लिहिलं की साबुदाण्याची खिचडी खाऊनही उपवासच होतो, म्हणून तो शब्द टाळा.

'अस-सुक्कर अत-तराकुमी' याचा शब्दशः अर्थ साठत गेलेली साखर. ही एचबीए१सी तपासणी, साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी. ती टक्क्यांत येते किंवा mmol/mol मध्ये. 7.0 टक्के म्हणजे 53 mmol/mol, दोन्हींचा अर्थ एकच. काही रिपोर्टांवर हिमोग्लोबिनला 'खिदाब अद-दम' म्हणतात. 'खिदाब' हा केसांना लावायच्या खिजाबाचाच शब्द, रक्ताचा रंग. अर्थ सुंदर आहे, पण मराठी कागदावर 'हिमोग्लोबिन'च लिहायचं.

'कुला' म्हणजे किडनी आणि 'कबिद' म्हणजे लिव्हर. दोन्ही 'काफ'ने सुरू होतात आणि दोन्हींच्या आधी 'वझाइफ', म्हणजे कार्य, हा शब्द येतो. शीर्षक उतरवताना थांबून 'काफ'नंतरची अक्षरं एक एक करून वाचा.

'मुलाहझात', म्हणजे शेरे

हा रकाना तळाशी बारीक अक्षरात असतो आणि सगळ्यात कमी वाचला जातो. आमच्या रिपोर्टमध्ये खरी गोष्ट तिथेच होती. पोटॅशियम 5.6, जास्त, आणि तळाशी: नमुन्यात थोड्या रक्तपेशी फुटल्या आहेत, नमुना पुन्हा घ्यावा. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं. नळीत पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. म्हणजे 5.6 हे कदाचित त्या माणसाच्या अंगातलं पोटॅशियम नव्हतंच. पण त्याच रिपोर्टमध्ये क्रिॲटिनिन वाढलेलं होतं, आणि किडनी मंदावली की पोटॅशियम खरोखरही वाढतं. यातलं कुठलं, हे ठरवणं माझं काम नव्हे. माझं काम एवढंच की शेरा त्या मूल्यापासून सुटू नये. आता मी तळाचा शेरा तळाशीही ठेवतो आणि संबंधित ओळीला खूण करून तिथेही त्याचा उल्लेख करतो.

दुरुस्त कागदावरच्या ओळी अशा होत्या:

```
तपासणी        निकाल          या लॅबची मर्यादा   लॅबची खूण
क्रिॲटिनिन     145 µmol/L     62 ते 106          जास्त
युरिया         9.5 mmol/L     2.8 ते 7.2         जास्त
सोडियम         138 mmol/L     135 ते 145         -
पोटॅशियम *     5.6 mmol/L     3.5 ते 5.1         जास्त
```

आणि खाली: '* लॅबचा शेरा: रक्त काढताना किंवा नेताना नळीतल्या काही रक्तपेशी फुटल्या आहेत (हिमोलिसिस). नमुना पुन्हा घ्यावा.'

शेवटची तपासणी

कागद पूर्ण झाला की मूळ रिपोर्टमधल्या ओळी मोजा, भाषांतरातल्या ओळी मोजा. संख्या जुळली पाहिजे. दोन पानी रिपोर्टात दुसऱ्या पानाची पहिली ओळ गळण्याचं प्रमाण फार आहे. मग दुसऱ्या माणसाला बसवा. त्याला अरबी यायची गरज नाही, वर दिलेले दहा अंक शिकायला दहा मिनिटं लागतात. तो मूळ कागदावरून आकडे मोठ्याने वाचेल, एक एक अंक सुटा, 'पाच, दशांश, सहा', आणि तुम्ही तुमच्या कागदावर बोट ठेवाल. तुम्ही वाचायचं आणि त्याने पाहायचं असं उलट करू नका. स्वतःची चूक स्वतःच्या आवाजात पुन्हा बरोबरच ऐकू येते.

शिक्का आकड्यावर बसला असेल, फोटो हलला असेल, तर अंदाज लिहायचा नाही. तिथे 'अस्पष्ट' लिहून घरच्यांकडून सरळ वरून काढलेला दुसरा फोटो मागवा. भाषांतरासोबत मूळ रिपोर्टची प्रत नेहमी जोडा, आणि माथ्यावर लिहा की हे घरच्यांना समजण्यासाठी केलेलं भाषांतर आहे. विमा, कोर्ट किंवा दूतावासासाठी प्रमाणित भाषांतर लागतं, ते वेगळं काम.

त्या बहिणीला मी त्याच संध्याकाळी दुरुस्त कागद पाठवला आणि शेऱ्याची ओळ फोनवर वाचून दाखवली. दोन दिवसांनी पुन्हा घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम 4.7, क्रिॲटिनिन 143. नव्या कागदावर मी वर लिहिलं, 'पुन्हा घेतलेला नमुना', दोन्ही नमुन्यांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, आणि जुना कागद फेकू नका, डॉक्टरांना दोन्ही दाखवा, असं सांगितलं.